खोटे बोलणारा निवेदक आणि खरे सांगणारी इन्व्हेंटरी: गेममधील दडवलेली माहिती कशी वाचावी, कशी रचावी

कादंबरीतील निवेदक खोटे बोलत असेल तर वाचकापाशी पडताळणीसाठी त्याच्याच शब्दांखेरीज काही नसते. गेममध्ये परिस्थिती वेगळी असते, कारण तेथे खेळाडूकडे माहिती निदान तीन वाटांनी येते. पहिली वाट पात्रांच्या बोलण्याची. दुसरी वाट यंत्रणेची, म्हणजे उद्दिष्टाची ओळ, नकाशा, पात्राजवळच्या वस्तूंची यादी असलेली इन्व्हेंटरी आणि वस्तूजवळ गेल्यावर दिसणारी पाटी. तिसरी वाट खेळाडूने स्वतःच्या हाताने केलेल्या कृतींची. या तिन्हींवर खेळाडूचा विश्वास सारखा नसतो. पात्र खोटे बोलू शकते हे तो गृहीत धरून असतो, मात्र इन्व्हेंटरीत ‘किल्ली’ असे लिहिले असेल तर ती किल्लीच आहे याबद्दल त्याला शंका येत नाही. अविश्वसनीय निवेदकाची गेममधील रचना या असमान विश्वासावर उभी असते. त्यामुळे विश्लेषण करताना आणि स्वतः रचना करतानाही पहिला प्रश्न असा विचारावा: हे असत्य कोणत्या वाटेने आले आणि त्याला छेद देणारे सत्य कोणत्या वाटेने आले?

या लेखात मुख्य उदाहरण म्हणून ‘सायलेंट हिल २’ हा कोनामीच्या टीम सायलेंटने केलेला 2001 सालचा गेम घेतला आहे. 2024 साली ब्लूबर टीमने त्याची नवी आवृत्ती केली, परंतु पुढील सर्व तपशील मूळ गेमचे आहेत. या विषयावर शेवट न फोडता लिहिणे शक्य नाही. ज्यांना हा गेम, ‘बायोशॉक’ किंवा ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ अजून कोरेपणाने खेळायचा आहे, त्यांनी आधी तो खेळून घ्यावा.

पहिली पायरी: शेवटापासून मागे, सत्यक्रम मांडणे

विश्लेषणाची सुरुवात गेमच्या आरंभापासून करण्याचा मोह टाळावा. गेम एकदा पूर्ण करावा आणि मग एका कागदावर फक्त प्रत्यक्षात घडलेल्या घटना काळाच्या क्रमाने लिहाव्यात. ‘सायलेंट हिल २’चा हा सत्यक्रम आश्चर्यकारकरीत्या लहान आहे. जेम्स संडरलंडची पत्नी मेरी दीर्घकाळ आजारी होती. जेम्सने उशीने तोंड दाबून तिला मारले. ही घटना अलीकडची आहे. त्यानंतर तो सायलेंट हिल या गावात आला, जेथे ती दोघे पूर्वी एकदा राहिली होती.

त्याशेजारी निवेदकाचे कथन लिहावे. जेम्सचे म्हणणे असे की मेरी तीन वर्षांपूर्वी आजाराने वारली, आता तिच्या नावाचे पत्र आले आहे आणि ती आपल्या ‘खास जागी’ वाट पाहत असल्याचे त्यात लिहिले आहे. दोन्ही रकाने समोर ठेवले की लक्षात येते की संपूर्ण गेमचे असत्य एका वाक्यात मावते आणि त्या वाक्यातही मूळ तफावती दोनच आहेत: मृत्यूचा काळ आणि मृत्यूचे कारण. नवशिक्या लेखकांच्या कथांमध्ये निवेदक दहा ठिकाणी दहा गोष्टी लपवतो आणि शेवटी खेळाडूला प्रत्येक गोष्टीचा वेगळा खुलासा वाचावा लागतो. येथे दोन तफावती आहेत, म्हणून त्यांना भरपूर वेळ देता येतो.

यानंतर निवेदकाला सत्य ठाऊक आहे का, हे ठरवावे. ‘बायोशॉक’मध्ये रेडिओवरून खेळाडूला वाट दाखवणाऱ्या ॲटलसला सर्व काही ठाऊक आहे आणि तो जाणूनबुजून फसवतो. ‘कॉल ऑफ वारेझ: गनस्लिंगर’मधील सायलस ग्रीव्ज दारूच्या गुत्त्यात बसून आपल्या पराक्रमाच्या बढाया मारतो आणि श्रोत्यांनी हरकत घेतली की खेळाडूभोवतीचा प्रसंगच बदलतो. जेम्सला मात्र एके काळी ठाऊक होते आणि आता त्याने ते स्वतःपासून पुरून ठेवले आहे. हा भेद केवळ वर्गीकरणासाठी नाही. जाणूनबुजून फसवणारा निवेदक पुरावे नष्ट करतो, तर स्वतःला फसवणारा निवेदक पुरावे पाहतो आणि त्यांचा चुकीचा अर्थ लावतो. दुसऱ्या प्रकारात डिझायनरला सत्य उघडपणे पडद्यावर ठेवता येते. माझ्या मते गेमसाठी हा दुसरा प्रकार अधिक सोयीचा आहे, कारण खेळाडू सगळीकडे हिंडतो, कप्पे उघडतो, भिंती न्याहाळतो आणि त्याच्यापासून वस्तू लपवणे फार कठीण असते.

दुसरी पायरी: दुसऱ्या खेळीची नोंदवही

आता गेम पुन्हा खेळावा आणि या वेळी प्रत्येक गळतीची, म्हणजे असत्याला छेद देणाऱ्या माहितीची, नोंद करावी. नोंदीत चार गोष्टी पुरेशा आहेत: प्रसंग, नेमका मजकूर किंवा दृश्य, माहितीची वाट, आणि पहिल्या खेळीत ती गळती आपल्या नजरेतून का सुटली. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आच्छादनाचे कसब त्यातच दिसते.

लॉरा ही लहान मुलगी इस्पितळात जेम्सला सांगते की तिची आणि मेरीची गेल्या वर्षी ओळख झाली. जेम्सच्या हिशेबाने मेरी तेव्हा जिवंत नव्हती. ही तफावत सरळ, आकड्यातील आणि उघड आहे. तरीही बहुतेक खेळाडू ती सोडून देतात. लॉरा खोडकर आहे, आधी तिने जेम्सच्या हाताजवळची किल्ली पायाने उडवून दिलेली आहे आणि जेम्स स्वतः तिला खोटारडी ठरवतो. सत्य सांगणाऱ्या पात्राची पत आधीच घालवून ठेवलेली आहे, हे आच्छादन.

गावात जेम्सला भेटणाऱ्या अँजेला या तरुणीच्या बाबतीत हेच तंत्र अधिक धीटपणे वापरले आहे. जेम्स म्हणतो की मेरी आजाराने वारली, त्यावर ती त्याला खोटारडा म्हणते आणि तुला ती नकोशी झाली होती असे तोंडावर सुनावते. रहस्याचे उत्तरच जवळजवळ उच्चारले गेले आहे. परंतु अँजेला त्या क्षणी स्वतःच्या छळाच्या आठवणींनी उद्ध्वस्त झालेली आहे, खेळाडूने नुकतीच तिच्यासाठी एक भीषण लढाई केलेली आहे आणि म्हणून तिचे वाक्य जेम्सबद्दलचे नसून तिच्या भूतकाळाबद्दलचे आहे असे वाटते. पहिल्या गळतीत पात्राची पत कमी होती, तर या गळतीत वाक्याला दुसरा अर्थ उपलब्ध करून दिलेला आहे.

तिसरी नोंद मारियाची. मेरीसारखी दिसणारी ही स्त्री कोठडीच्या गजांआड बसून हॉटेलात विसरलेल्या व्हिडिओ टेपचा उल्लेख करते, जी गोष्ट फक्त मेरीला ठाऊक असायला हवी. येथे मारिया कोण, हे दुसरे गूढ इतके मोठे आहे की टेपमध्ये काय असेल हा प्रश्न त्याच्या मागे झाकला जातो.

चौथी नोंद या गेममधील सर्वांत सुंदर गळती आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबावे. हॉटेलात लॉरा जेम्सला मेरीने तिच्यासाठी लिहिलेले पत्र दाखवते आणि त्यात आठव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. जेम्स वय विचारतो. लॉरा सांगते की गेल्याच आठवड्यात मी आठ वर्षांची झाले. आता जेम्सला स्वतःलाच कळते की मेरी तीन वर्षांपूर्वी मेलेली असू शकत नाही. तो मोठ्याने तसे म्हणतो, आणि त्यावरून निष्कर्ष काढतो की मग ती कदाचित जिवंत असेल आणि इथेच असेल! माहिती खरी, बेरीज बरोबर, निष्कर्ष चूक. निवेदकाने काहीही लपवलेले नाही, उलट तफावत त्याने आपल्यासमोर मांडली आणि तरीही खेळाडू त्याच्याबरोबर चुकीच्या दिशेने गेला, कारण ती आशा खेळाडूलाही हवी होती. यानंतर 312 क्रमांकाच्या खोलीत ती टेप पाहिली जाते.

या चार नोंदींचा क्रम पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. काळाची तफावत आधी उघडते आणि कारणाची नंतर. काळाचे असत्य कोसळल्यावर कारणाचे असत्य फार वेळ तग धरू शकत नाही, म्हणून त्या दोहोंतील अंतर डिझायनरांनी लहान ठेवले आहे.

तिसरी पायरी: यंत्रणा कोणाच्या बाजूने बोलते ते पाहणे

जेम्सच्या इन्व्हेंटरीत मेरीचे पत्र असते. खेळाडू ते हवे तेव्हा उघडून पाहू शकतो. सुरुवातीला त्यात मजकूर असतो, पुढे एका टप्प्यावर तोच कागद कोरा दिसतो, आणि शेवटी ती वस्तूच इन्व्हेंटरीत राहत नाही. या बदलांची सूचना गेम देत नाही. ज्याने पत्र पुन्हा उघडले नाही, त्याला ते पत्र कधीच अस्तित्वात नव्हते हे कळायला बराच उशीर लागतो. ज्या वाटेवर खेळाडूचा सर्वाधिक विश्वास आहे, त्याच वाटेने हे सांगितले जाते.

हे न्याय्य वाटते त्याचे कारण असे की ही इन्व्हेंटरी तटस्थ यंत्रणा नसून जेम्सचा खिसा आहे, आणि हे गेमने आधीपासून पटवून दिलेले आहे. नकाशाही तसाच आहे. बंद दारे आणि अडवलेले रस्ते त्यावर जेम्सच्या हाताने काढलेल्या लाल खुणांनी दिसतात. यंत्रणा पात्राची आहे असे पहिल्या अर्ध्या तासात दाखवून दिले, तर नंतर तिने पात्राचा भ्रम दाखवला तरी खेळाडूला फसवणूक वाटत नाही. यंत्रणा तटस्थ असल्याचे भासवून शेवटी ती खोटी निघाली, तर मात्र खेळाडू चिडतो आणि ते चिडणे रास्त आहे.

‘बायोशॉक’ (2007) येथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. त्यात ॲटलस रेडिओवरून विनंती करतो आणि तीच विनंती उद्दिष्टाच्या ओळीत व दिशादर्शक बाणात उतरते. खेळाडू ॲटलसवर शंका घेईल, परंतु उद्दिष्टाच्या ओळीवर घेणार नाही, कारण ती पाळल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही. ‘वुड यू काइंडली’ हे शब्द ऐकले की खेळाडू ज्याच्या रूपाने खेळतो त्या जॅकला आज्ञा पाळावीच लागते हे कळते, तेव्हा खेळाडूचे आज्ञापालनही त्यातच मोडते. आरंभीचे विमानातले दृश्य पुन्हा पाहावे. जॅकच्या मांडीवर भेटवस्तूचे खोके दिसते, पडदा काळा होतो, किंकाळ्या ऐकू येतात आणि विमान समुद्रात असते. अपघाताच्या वेळी पडदा काळा होणे हा इतका रूढ संकेत आहे की त्या काळ्या क्षणांत जॅकने काय केले असेल हा प्रश्न कोणाला पडत नाही. विमान त्यानेच पाडले होते. माहिती दडवण्याची ही पद्धत स्वस्त आहे आणि एकदाच चालते.

याच गेममध्ये या तंत्राची मर्यादाही दिसते. रहस्य उलगडल्यानंतर जॅकची संमोहनातून सुटका होते, पण उद्दिष्टे येतच राहतात, फक्त आता ती टेनेनबॉम ही शास्त्रज्ञ देते. यंत्रणेलाच आरोपी केल्यानंतर पुन्हा तीच यंत्रणा वापरावी लागली, आणि म्हणून शेवटचा भाग फिका वाटतो. यंत्रणेच्या वाटेने असत्य सांगायचे असेल तर खुलाशानंतर खेळाडू कोणत्या यंत्रणेने खेळणार हे आधी ठरवावे, आणि उत्तर सुचत नसेल तर खुलासा गेमच्या अगदी शेवटाकडे ढकलावा.

सॅम बार्लो यांचा ‘हर स्टोरी’ (2015) यंत्रणेचा आणखी वेगळा उपयोग करतो. पोलिसांच्या चौकशीच्या चित्रफितींचा संग्रह समोर आहे, शोधशब्द टाइप करायचा आणि त्या शब्दाच्या फिती पाहायच्या. निकाल कितीही असले तरी पहिल्या पाचच फिती उघडतात आणि त्या तारखेच्या क्रमाने लागतात. परिणामी नेहमीचा शब्द टाकला की सुरुवातीच्या चौकशीतील फिती जागा अडवतात, आणि उशिराच्या, अधिक उघड बोलणाऱ्या फितींपर्यंत पोचायला दुर्मीळ शब्द सुचावा लागतो. तो शब्द कथा समजत गेल्याशिवाय सुचत नाही. एका वाक्यात सांगता येणाऱ्या या नियमाने माहितीचा क्रम कुलपाविना सांभाळला आहे.

चौथी पायरी: खेळाडूच्या हातांची साक्ष

‘सायलेंट हिल २’ खेळाडूची वागणूक गुपचूप मोजतो. जखमी अवस्थेत बराच काळ फिरणे, अँजेलाकडून मिळालेला चाकू न्याहाळणे, इस्पितळाच्या गच्चीवरची रोजनिशी वाचणे या गोष्टी आत्मघाताच्या शेवटाकडे नेतात. वेळेवर उपचार करणे, मेरीचे पत्र आणि छायाचित्र पाहणे या गोष्टी जेम्सला गाव सोडण्याच्या शेवटाकडे नेतात. मारियाच्या जवळ राहणे आणि तिची पुन्हा विचारपूस करायला जाणे यांचा वेगळा हिशेब ठेवला जातो. कोठेही ‘निवड करा’ असा फलक येत नाही. जेम्सच्या मनात काय आहे हे जेम्स सांगू शकत नाही, म्हणून गेम ते खेळाडूच्या सवयींवरून ठरवतो.

याउलट ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ (2012) मध्ये दोन टांगलेल्या कैद्यांपैकी कोणाला मारायचे असा पेच उघडपणे समोर येतो, आणि ती माणसे तेव्हा आधीच मेलेली होती हे नंतर दाखवले जाते. प्रसंग परिणामकारक आहे, पण निवड केलेल्या खेळाडूच्या हाती काहीच नव्हते असा त्याचा अर्थ होतो, आणि काही खेळाडूंना ते अन्यायाचे वाटते. फरक साधा आहे: खेळाडूने केलेली कृती नंतर खोटी ठरवावी की त्या कृतीचा अर्थ बदलावा? दुसरा मार्ग जवळजवळ नेहमीच अधिक टिकाऊ असतो.

पाचवी पायरी: स्वतःची रचना, एका लहान उदाहरणासह

आता हेच उलट दिशेने करून पाहू. समजा, साधारण दीड तासाचा एक गेम करायचा आहे. निवेदक डोंगरातील बचावचौकीवरचा रेडिओ चालवणारा माणूस आहे. वादळाच्या रात्री एक तुकडी अडकली आणि मदत पोचली नाही. त्याचे म्हणणे असे की आठ वाजता वीज पडून रेडिओ बंद पडला. सत्य असे की पावणेदहाला त्याने तो स्वतः बंद केला, कारण दिवसभराच्या निरर्थक संदेशांनी तो वैतागला होता. त्यानंतर मदतीची हाक आली आणि कोणी ऐकली नाही. येथेही तफावती दोनच आहेत: वेळ आणि कर्ता.

प्रथम खेळाडूचा हात त्या कृतीत गुंतवावा. गेमच्या पहिल्या पाच मिनिटांत, बटणे शिकवण्याच्या भागातच, खेळाडूकडून शेगडी पेटवून घ्यावी, खिडकी लावून घ्यावी आणि रेडिओ बंद करून घ्यावा. शिकवणीच्या भागातील कृतींना खेळाडू कथेचा भाग मानत नाही, हेच येथील आच्छादन आहे. भिंतीवरचे घड्याळ त्या वेळी पावणेदहा दाखवत असावे, मात्र कॅमेरा तिकडे मुद्दाम वळवू नये. काहीही दडवलेले नाही, फक्त त्या कृतीचे वजन सांगितलेले नाही.

यानंतर प्रत्येक तफावतीसाठी निदान तीन गळत्या वेगवेगळ्या वाटांनी ठेवाव्यात. तीन यासाठी की एक गळती खेळाडू चुकवतो, दुसरी पाहतो पण विसरतो, आणि तिसरी भेटली की पहिल्या दोन आठवतात. वेळेच्या तफावतीसाठी घड्याळ, चौकीच्या नोंदवहीतील नऊ वाजताची हवामानाची नोंद आणि सहकाऱ्याचे ‘नऊला तर आपण बोललो होतो’ हे वाक्य पुरेल. सहकारी थकलेला आणि वेळांचा घोळ घालणारा माणूस म्हणून आधी दाखवावा, म्हणजे वाक्य निसटून जाईल. कर्त्याच्या तफावतीसाठी रेडिओची बॅटरी काढून पाहता यावी आणि ती शाबूत निघावी. वीज पडलेल्या संचाच्या तारा जळलेल्या असायला हव्यात, त्या तशा नसाव्यात. तिसरी गळती म्हणजे खेळाडूची स्वतःची आठवण.

वस्तूंच्या पाट्या निवेदकाच्या आवाजात लिहाव्यात आणि हे पहिल्या पाटीपासून जाणवू द्यावे. ‘खुर्ची’ नको, ‘माझी खुर्ची, दुसऱ्या कोणी बसू नये’ असे असावे. मग रेडिओवरची ‘बंद पडलेला रेडिओ’ ही पाटी यंत्रणेचे खोटे न ठरता त्या माणसाचे म्हणणे ठरते, आणि पुरेशा गळत्या दिसल्यावर ती बदलता येते. इंक या कथालेखनाच्या भाषेत ते असे लिहिता येईल:

```
VAR saw_register = false
VAR heard_mate = false
VAR saw_battery = false

=== register ===
~ saw_register = true
रात्री ९: वारा वाढला. संदेश पाठवला.
-> DONE

=== radio ===
{ saw_battery && (saw_register || heard_mate):
    रेडिओ. मी बंद केलेला.
- else:
    बंद पडलेला रेडिओ.
}
-> DONE
```

heard_mate आणि saw_battery ही चलेही आपापल्या प्रसंगात अशाच ओळीने सत्य करावीत. येथे गळत्या मोजण्यासाठी एकच वाढता आकडा न ठेवता प्रत्येकीचे स्वतंत्र चल ठेवले आहे. एकच आकडा ठेवला तर खेळाडूने तीच नोंदवही तीनदा उघडली तरी तीन गळत्या दिसल्या असे गेम समजतो, आणि खुलासा अवेळी होतो. अट लिहिताना ‘एकूण किती’ यापेक्षा ‘वेळेची एक आणि कर्त्याची एक’ असे म्हणणे अधिक अचूक ठरते. पाटी बदलल्याचे जाहीर करू नये. ज्याने रेडिओकडे पुन्हा पाहिले नाही त्याच्यासाठी शेवटचा खुलासा आहेच.

पर्यायी गळत्यांबाबत एक बंधन पाळावे. प्रत्येक तफावतीची किमान एक गळती अशी असावी की जी चुकवून गेम पुढे नेता येणार नाही, आणि ती वगळता येणाऱ्या कटसीनमध्ये, म्हणजे चित्रपटासारख्या दृश्यात, नसावी. घाईने दृश्ये वगळणाऱ्या खेळाडूला खुलासा आकाशातून पडल्यासारखा वाटतो आणि तो दोष कथेला देतो. आमच्या उदाहरणात घड्याळ खोलीतच आहे, परंतु ते पाहणे सक्तीचे नाही. म्हणून सहकाऱ्याचे वाक्य चालताना ऐकू येणाऱ्या संवादात ठेवावे आणि त्याची उपशीर्षके सुरुवातीपासून चालू ठेवावीत.

सहावी पायरी: चाचणी

या प्रकारच्या गेमचा चाचणी खेळाडू एकदाच वापरता येतो, कारण शेवट कळल्यावर त्याचे अज्ञान परत येत नाही. म्हणून माणसे जपून वापरावीत. प्रत्येक सुधारणेनंतर दोन-तीन नवे खेळाडू बसवणे हे एकाच दिवशी वीस जणांना बसवण्यापेक्षा अधिक शिकवते.

खेळ तीन ठरलेल्या ठिकाणी थांबवावा आणि ‘त्या रात्री काय घडले, तुमच्या शब्दांत सांगा’ एवढेच विचारावे. ‘निवेदकावर तुमचा विश्वास आहे का?’ असे विचारले की त्या क्षणापासून तो खेळाडू निरुपयोगी झाला, कारण संशय प्रश्नानेच पेरला. उत्तरात शब्दप्रयोग ऐकावा. खेळाडू ‘रेडिओ बंद पडला’ असे म्हणत असेल तर आच्छादन टिकले आहे. तो ‘रेडिओ बंद होता’ असे म्हणू लागला असेल तर गळती मुरू लागली आहे. ‘त्याने सांगितले की रेडिओ बंद पडला’ असे म्हणाला तर त्याने निवेदकाला स्वतःपासून वेगळे केले आहे, आणि हे पहिल्याच थांब्यावर घडले तर कुठली तरी गळती फार मोठ्याने वाजते आहे. सहसा दोषी कॅमेरा असतो, जो महत्त्वाच्या वस्तूवर अर्धा सेकंद जास्त रेंगाळतो. संगीतही तसेच करते.

खुलाशानंतर एकच प्रश्न विचारावा: आधीच्या कोणत्या गोष्टींचा अर्थ आता बदलला? खेळाडूने दोन-तीन गोष्टी आपणहून सांगितल्या तर रचना न्याय्य आहे, मग त्याने आधी ओळखले असो वा नसो. तो गप्प राहिला तर त्याने कोणत्या गळत्या प्रत्यक्ष पाहिल्या हे वर दाखवलेल्या चलांच्या नोंदीतून तपासावे. चल सत्य झाले होते आणि तरी आठवण नाही, तर आच्छादन जाड झाले आहे: सहकाऱ्याची पत जरा वाढवावी किंवा शेजारचे दुसरे गूढ लहान करावे. चल असत्यच राहिले असेल तर गळती वाटेत नाही, ती उचलून खेळाडूच्या वाटेवर ठेवावी. हे दोन दोष बाहेरून सारखे दिसतात आणि त्यांचे उपाय परस्परविरोधी आहेत, म्हणून नोंद न पाहता दुरुस्ती करू नये.

खेळाडूंपैकी काही जण लवकर ओळखतीलच. त्यांच्यासाठी गळत्या आणखी पुरण्याचा प्रयत्न केला की बाकीच्यांसाठी खुलासा निराधार होतो. त्याऐवजी ओळखल्यानंतरही उरलेल्या वेळात त्यांना पाहण्यासारखे काही आहे का ते तपासावे. बचावचौकीच्या उदाहरणात रेडिओ कोणी बंद केला हे अर्ध्या तासात कळलेल्या खेळाडूलाही तो माणूस हे स्वतःशी कधी कबूल करतो, आणि सहकाऱ्यासमोर करतो की नाही, हे पाहायचे उरते. असे काही उरत नसेल तर कथेत केवळ एक कोडे आहे, आणि मग गेमची लांबी दीड तासावरून चाळीस मिनिटांवर आणणे हीच योग्य दुरुस्ती असते.